कंपनी विकत घेताना दिलेले जादा पैसे: गुडविल आणि त्याची दरवर्षीची तपासणी

तिमाही निकालांच्या दिवसांत एखादी बातमी हमखास गोंधळात टाकते. कंपनीची विक्री वाढलेली असते, कर्जाचे हप्ते वेळेवर जात असतात, आणि तरी मथळा असतो की 'गुडविल' कमी केल्यामुळे शेकडो कोटींचा तोटा झाला. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेल्या कितीतरी मराठी घरांत चार चांगल्या कंपन्यांचे शेअर वर्षानुवर्षे पडून असतात. अशी बातमी वाचली की त्या घरात पहिला प्रश्न येतो, पैसे नेमके कुठे गेले? आणि दुसरा, जास्त अवघड प्रश्न येतो: आत्ताच कसे गेले?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पैसे केव्हाच गेले होते, ज्या दिवशी दुसरी कंपनी विकत घेतली त्या दिवशी. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेक लेखांत येत नाही, म्हणून हा लेख त्याच्यावरच जास्त थांबणार आहे. तोटा कोणत्या वर्षी दिसेल, किंवा कधी दिसेल की नाही, हे धंदा कसा चालला यावर ठरतंच. पण ते गुडविल ताळेबंदात कुठे बांधून ठेवलं यावरही ते तितकंच ठरतं.

गुडविल म्हणजे काय

दादर स्टेशनजवळची एखादी चालती खानावळ कोणी २५ लाखांना विकत घेतली असं धरा. टेबलं, भांडी, फ्रीज, गॅसची जोडणी, भरलेला किराणा अशी मोजता येणारी सगळी चीजवस्तू मिळून ८ लाखांची आहे. उरलेले १७ लाख कशाचे? रोज दुपारी येणाऱ्या गिऱ्हाइकाचे, हाताखाली तयार झालेल्या माणसांचे, पहिल्या दिवसापासून गल्ला चालू असण्याचे. हे १७ लाख म्हणजे गुडविल.

कंपन्यांच्या हिशेबात एक पायरी जास्त असते. 'वरचे पैसे' एकगठ्ठा गुडविल म्हणून टाकता येत नाहीत. आधी त्यातून नावानिशी वेगळं काढता येईल ते सगळं काढावं लागतं: ब्रँड, पेटंट, वितरकांशी असलेले करार, ग्राहकांची यादी. प्रत्येकाची त्या दिवशीची बाजारातली किंमत ठरवावी लागते. भारतात मोठ्या आणि शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी हा नियम 'इंड एएस १०३' या लेखामानकात आहे. एवढं करून जे उरतं, ज्याला वेगळं नाव देता येत नाही, ते गुडविल. थोडक्यात ती एक वजाबाकी आहे, आणि वजाबाकीतल्या प्रत्येक चुकीची भर याच आकड्यात पडते.

पुढच्या सगळ्या लेखासाठी एक काल्पनिक व्यवहार घेऊ. मुंबईतली एक खाद्यपदार्थांची कंपनी कोल्हापूरकडची एक मसाला कंपनी ५०० कोटींना पूर्णपणे विकत घेते. जमीन, कारखाना, माल, येणी मिळून १८० कोटी. ब्रँड १२० कोटी. वितरकांशी असलेले संबंध ४० कोटी. बेरीज ३४०. त्यातून कर्ज आणि देणी ८० कोटी वजा.

आणखी एक वजावट सहज नजरेतून सुटते. ब्रँड आणि वितरकांचे संबंध मिळून १६० कोटी आपण हिशेबात नव्याने आणले, पण प्राप्तिकर खात्याच्या लेखी त्यांची किंमत शून्य आहे. या फरकावर सुमारे २५ टक्के दराने ४० कोटींचं भविष्यातलं करदेणं दाखवावं लागतं. म्हणजे निव्वळ हाती आलं ते २२० कोटींचं. दिले ५०० कोटी. गुडविल झालं २८० कोटी.

गुडविलचा काही भाग निव्वळ तारखेमुळेही तयार होतो. हिंदुस्तान युनिलिव्हरने डिसेंबर २०१८ मध्ये हॉर्लिक्सवाली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर आपल्यात विलीन करायचं जाहीर केलं, तेव्हा व्यवहाराचा आकडा सुमारे ३१,७०० कोटी सांगितला गेला. मोबदला रोखीत नव्हता. एका शेअरमागे हिंदुस्तान युनिलिव्हरचे ४.३९ शेअर द्यायचे होते. विलीनीकरण १ एप्रिल २०२० ला अमलात आलं, तोवर हिंदुस्तान युनिलिव्हरच्या शेअरचा भाव वाढला होता, आणि पुस्तकात मोबदला ४० हजार कोटींच्या वर नोंदला गेला. शेअरचं प्रमाण तेच होतं, पण मोबदला त्या दिवशीच्या भावाने मोजायचा असतो. मोबदला वाढला की वजाबाकीत उरणारं गुडविलही वाढतं. या व्यवहारात ते १७ हजार कोटींच्या पुढे गेलं.

यंत्राचा घसारा दरवर्षी, मग गुडविलचा का नाही?

पूर्वी होता. जुन्या भारतीय मानकानुसार विलीनीकरणातून आलेलं गुडविल साधारण पाच वर्षांत उतरवून टाकायचं असे. जपानमध्ये अजूनही ते जास्तीत जास्त २० वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. आंतरराष्ट्रीय मानकांनी २००४ मध्ये ही पद्धत सोडली आणि आपल्याकडे २०१६ पासून इंड एएस लागू झाल्यावर तीच वाट घेतली गेली. त्यामागचा विचार असा की चांगला चालवलेला धंदा झिजत नाही. मग ठरावीक दराने घसारा लावण्यात अर्थ काय? त्यापेक्षा दरवर्षी तपासा, किंमत खरोखर घटली असेल तरच कमी करा. या तपासणीला इम्पेअरमेंट टेस्ट म्हणतात, आणि तिचे नियम 'इंड एएस ३६' मध्ये आहेत.

वाद मात्र मिटलेला नाही. घसारा परत आणावा का, यावर आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने बरीच वर्षं चर्चा केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आहे तीच पद्धत ठेवायचं ठरवलं. माझ्या मते तर्क म्हणून ती पद्धत बरोबर आहे. अडचण तपासणीच्या रचनेत आहे, ती पुढे दिसेल.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते

गुडविल एकटं काहीच कमावत नाही, म्हणून त्याची एकट्याची किंमत काढता येत नाही. ते धंद्याच्या ज्या भागाला बांधलेलं असेल तो अख्खा भाग तपासतात. स्वतःची मिळकत बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे आणणारा धंद्याचा सर्वांत छोटा गट म्हणजे लेखापालांच्या भाषेत सीजीयू. आपण त्याला युनिट म्हणू.

मग दोन आकडे समोरासमोर ठेवायचे. एक, युनिटची पुस्तकी किंमत, म्हणजे त्यातली मालमत्ता आणि गुडविल यांची बेरीज. दोन, युनिटमधून वसूल होऊ शकणारी रक्कम. ती दोन तऱ्हांनी काढता येते: आज विकलं तर खर्च वजा जाता काय मिळेल, किंवा चालू ठेवलं तर पुढे येणाऱ्या रोकडीची आजची किंमत काय. यातली जी मोठी ती धरायची. वसूल होणारी रक्कम जास्त असेल तर काही करायचं नाही. कमी असेल तर फरक तोट्यात टाकायचा, आधी गुडविलमधून, आणि ते संपलं तरच बाकीच्या मालमत्तेतून.

हे वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच सुमारास करायचं. मध्येच मोठा धक्का बसला तर तेव्हाही. कंपनीच्या शेअरबाजारातल्या एकूण किमतीपेक्षा तिची निव्वळ पुस्तकी मालमत्ता जास्त झाली, तर नियमानुसार तोही धोक्याचा इशारा समजायचा.

आता मसाला कंपनीकडे परत येऊ. तिसऱ्या वर्षी तिची निव्वळ मालमत्ता २३० कोटी आहे. सोयीसाठी करदेण्याचा आणि कर्जाचा तपशील बाजूला ठेवला आहे. गुडविल २८०. पुस्तकी किंमत ५१० कोटी. व्यवस्थापनाचा अंदाज असा की पुढच्या पाच वर्षांत करापूर्वीची रोकड अनुक्रमे ४४, ४८, ५२, ५५ आणि ५८ कोटी येईल, आणि नंतर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत राहील. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून या रकमा १३ टक्के दराने आजच्या किमतीत उतरवल्या. पाच वर्षांची रोकड भरते १७८ कोटी. पाच वर्षांनंतरच्या सगळ्या काळाची भरते ४१३ कोटी. एकूण ५९१. पुस्तकी किमतीपेक्षा ८१ कोटींनी जास्त, म्हणजे युनिट पास.

इथे थोडं थांबायला हवं. ५९१ पैकी ४१३ कोटी, म्हणजे जवळजवळ ७० टक्के, अशा काळातून आले ज्याचा सविस्तर अंदाज कोणी मांडलेलाच नाही. ते फक्त दोन दरांवर उभे आहेत, १३ आणि ५. तीच रोकड धरून पहिला दर १४ आणि दुसरा ४ केला, तर बेरीज येते ४८७ कोटी. पास झालेलं युनिट २३ कोटींनी नापास. कारखान्यात काही बदललं नाही, विक्रीचा अंदाजही तोच, दोन आकडे फक्त एकेका टक्क्याने हलले.

मग कंपनी हवे ते आकडे घालून दरवर्षी पास होईल की!

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि नियमांनी त्याला काही बांध घातले आहेत. सविस्तर अंदाज साधारण पाच वर्षांपेक्षा लांबचा चालत नाही. त्यापुढची वाढ स्थिर किंवा उतरती हवी, आणि त्या उद्योगाच्या किंवा देशाच्या दीर्घकालीन सरासरीहून जास्त धरायची तर कारण द्यावं लागतं. अजून मंजूर न झालेली पुनर्रचना, पुढे कधीतरी टाकू म्हणून ठरवलेलं नवं यंत्र, यांचा फायदा आज मोजता येत नाही. मागच्या वर्षीचे अंदाज आणि प्रत्यक्षात आलेली रोकड यांत फरक का पडला, तेही तपासावं लागतं. हे शेवटचं कलम मला सर्वांत उपयोगी वाटतं. तीन वर्षं सलग 'पुढच्या वर्षी उसळी' असा अंदाज आणि तीन वर्षं सलग सपाट आकडे, असं चित्र असेल तर चौथ्या वर्षीच्या उसळीवर लेखापरीक्षकाने अडून बसायलाच हवं.

तरीही अंदाज व्यवस्थापनाचाच असतो. ज्यांनी कंपनी विकत घ्यायचा निर्णय घेतला, बहुधा तेच तो निर्णय फसला का हे ठरवणारे आकडे भरतात.

चौथं वर्ष: तोटा दिसतो

समजा पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धकाने भाव पाडले, मिरचीचे दर चढले आणि नफ्याचं प्रमाण खाली आलं. नवा अंदाज ३६, ३८, ४१, ४४ आणि ४६ कोटींचा. दर १४ टक्के, पुढची वाढ ४ टक्के. आजची किंमत येते ३८७ कोटी. विकायला काढलं तर खर्च जाऊन ३६० मिळतील. दोघांतला मोठा आकडा ३८७. पुस्तकी किंमत मालमत्ता २२० आणि गुडविल २८० मिळून ५००. तोटा ११३ कोटी. गुडविल २८० वरून १६७ वर येतं, आणि त्या वर्षीच्या नफ्यातून ११३ कोटी वजा होतात.

प्रत्यक्षात हे किती उशिरा होऊ शकतं याचं मुंबईतलंच उदाहरण आहे. टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातली कोरस ही पोलाद कंपनी घेतली. पाठोपाठ जागतिक मंदी आली, आणि युरोपातली पोलादाची मागणी जुन्या पातळीवर परतली नाही. गुडविल आणि इतर मालमत्ता मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर, म्हणजे ८ हजार कोटी रुपयांहून जास्त, कमी करत असल्याचं कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं. खरेदीपासून सहा वर्षांनी.

तोच तोटा दिसलाच नसता, तर

आता मसाला कंपनीच्या उदाहरणात फक्त एक गोष्ट बदलू. विकत घेतल्यावर मुंबईच्या कंपनीने ठरवलं की मसाल्यांचा धंदा वेगळा नाही, तो आपल्या आधीच्या लोणची-पापडांच्या धंद्याबरोबर एकत्रच पाहू. २८० कोटींचं गुडविल त्या एकत्रित गटाला बांधलं.

लोणची-पापडांचा धंदा कंपनीने स्वतः चाळीस वर्षांत उभा केलेला आहे. स्वतः कमावलेलं नाव ताळेबंदात दाखवायची परवानगी नसते, दाखवता येतं ते फक्त विकत घेतलेलं. त्यामुळे या धंद्याची पुस्तकी किंमत आहे ४०० कोटी, पण त्यातून वसूल होऊ शकतात ९०० कोटी. मधले ५०० कोटी कागदावर कुठेच नाहीत, पण तपासणीत ते मोजले जातात.

चौथ्या वर्षी एकत्रित तपासणी करू. पुस्तकी किंमत ४०० अधिक ५००, म्हणजे ९००. वसूल होणारी रक्कम ९०० अधिक ३८७, म्हणजे १,२८७. गट ३८७ कोटींनी आरामात पास. नुसत्या मसाला कारखान्यात घट दिसते म्हणून तो गुडविलशिवाय वेगळा तपासला, तरी त्याची मालमत्ता २२० ची आणि वसुली ३८७ ची, म्हणजे तोही पास. तोटा शून्य.

कोल्हापूरचा कारखाना तोच, पडलेले भाव तेच, आणि ५०० कोटींना घेतलेला धंदा आज ३८७ चा उरला हेही तेच. ११३ कोटींचा तोटा लोणच्या-पापडांनी झाकला. यात खोटी नोंद कुठेच नाही. मानकं ठरवणाऱ्या मंडळाला या झाकल्या जाण्याची पूर्ण कल्पना आहे. तोटे उशिरा दिसण्याची त्यांनी सांगितलेली दोन मोठी कारणं म्हणजे व्यवस्थापनाचे फुगलेले अंदाज आणि जुन्या धंद्याचं हे पांघरूण. पहिल्यावर लेखापरीक्षक बोट ठेवू शकतो. दुसरं चाचणीच्या रचनेतच आहे.

गुडविल कुठेही बांधता येत नाही, हेही खरं. व्यवस्थापन आतल्या बैठकांत ज्या सर्वांत खालच्या पातळीवर गुडविलचा हिशेब पाहतं, त्या पातळीला ते बांधायचं, आणि ती पातळी कंपनीच्या एका व्यवसाय-विभागापेक्षा मोठी असता कामा नये. खरेदीनंतर सुरू होणारं पहिलं पूर्ण वर्ष संपेपर्यंत ही वाटणी ठरायला हवी. पण आपण आत काय पाहतो हे सांगणारं व्यवस्थापनच असतं, म्हणून हा निर्णय मला पाच वर्षांच्या अंदाजांहून महत्त्वाचा वाटतो. अंदाज दरवर्षी तपासले जातात. वाटणीचा निर्णय एकदा होतो आणि बहुधा विस्मरणात जातो.

हा कागदावरचा तोटा, मग काळजी कशाला?

रोकड आज जात नाही हे बरोबर आहे. ती खरेदीच्या दिवशी गेली. पण भागधारकांच्या हक्काची पुस्तकी मालमत्ता ११३ कोटींनी घटते आणि प्रतिशेअर मिळकतही त्या वर्षी खाली येते. करात सवलतही नाही. विलीनीकरणातून आलेल्या गुडविलवर करासाठी घसारा मिळतो असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता, पण २०२१ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली.

धंदा पुन्हा सावरला तर? यंत्राच्या किंवा ब्रँडच्या बाबतीत कमी केलेली किंमत परत वाढवता येते. गुडविलच्या बाबतीत कधीच नाही. कारण नंतर वाढलेली किंमत विकत घेतलेल्या गुडविलची की नंतर स्वतः कमावलेल्या नावाची, हे वेगळं करता येत नाही, आणि स्वतःचं नाव पुस्तकात घ्यायला बंदी आहे. या कायमपणामुळेही व्यवस्थापनं हा निर्णय शक्य तितका पुढे ढकलतात.

वार्षिक अहवालात कुठे पाहायचं

एकत्रित ताळेबंदाच्या टिपांमध्ये गुडविलची टीप असते. तिच्यात युनिटवार गुडविल, वापरलेला दर आणि पाच वर्षांनंतर धरलेली वाढ दिलेली असते. एखाद्या गृहीतात थोडासा, शक्यतेतला बदल झाला तर युनिट नापास होईल अशी स्थिती असेल, तर पुस्तकी किमतीवर किती शिल्लक आहे आणि गृहीत किती हललं की ती संपेल, हे कंपनीला आकड्यांत सांगावं लागतं. असा परिच्छेद पहिल्यांदाच दिसला तर पुढच्या एक-दोन वर्षांची ती पूर्वसूचना समजावी. लेखापरीक्षकाच्या अहवालात, शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी २०१८-१९ पासून, लेखापरीक्षणातल्या मुख्य बाबींचं वेगळं प्रकरण असतं. गुडविल तिथे आलं असेल तर लेखापरीक्षकाने कोणते अंदाज तपासले तेही वाचायला मिळतं.

गुडविलची टीप दोन वर्षांची शेजारी ठेवून वाचावी. दर १४ वरून १३ वर आला असेल, तर व्याजदर तसे उतरले होते का, हे पाहता येतं. मागच्या वर्षी 'मसाले' असं वेगळं दिसणारं युनिट या वर्षी 'पॅकबंद खाद्यपदार्थ' नावाच्या मोठ्या गटात गेलं असेल, तर अंतर्गत रचना खरंच बदलली का, हे अहवालातल्या विभागवार निकालांच्या टिपेत पडताळता येतं. रचना बदलली असेल तर गुडविल नव्या गटांत सहसा त्यांच्या तुलनात्मक किमतीनुसार वाटावं लागतं. कारखाने तेच, प्रमुख अधिकारी तेच, आणि फक्त युनिट मोठं झालं असेल, तर वार्षिक सभेत विचारण्याचा प्रश्न एकच आहे: जुन्या युनिटवर तपासणी केली असती तर या वर्षी किती शिल्लक उरली असती?